बेसूर कोण, पोरगी की पेटी?



दरवर्षी सप्टेंबर लागला की आमच्या वस्तीतल्या विहारात संध्याकाळी गाण्याचा सराव सुरू होतो. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि लगेच 16 ऑक्टोबरला बाबासाहेबांनी चंद्रपूरला दीक्षा दिली. त्यामुळे आमच्या दोन्ही जिल्ह्यांत 15 आणि 16 ऑक्टोबर हे दिवस मोठे. चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जायचे असते आणि त्याआधी आपापल्या विहारातही कार्यक्रम असतो. आमच्या मंडळात सात माय-बाया, चार मुली, ढोलकीवर एक मामा, पेटीवर निवृत्त मास्तर आणि खंजिरी धरणारे आम्ही. दिवसभर कचेरीत हिशेबाचे कागद तपासायचे आणि संध्याकाळी खंजिरी वाजवायची, असा आमचा क्रम आहे.

मागच्या साली या मंडळात एक भांडण झाले. बारावीतली एक मुलगी ध्रुपद उचलते. आवाज खडा, शब्द स्वच्छ. पण ध्रुपदाची ओळ जिथे येऊन थांबते त्या जागी काहीतरी खटकायचे. मास्तर म्हणायचे, "पोरी, सूर चढून रायला, उतरव." ती उतरवायची, तरी खटकायचेच. वर्षभर हे चालले. शेवटी बायांत कुजबूज सुरू झाली की पोरीला बाजूला करून दुसरीला उभे करावे. पोरगी घरी जाऊन रडली. तिची आई दुसऱ्या दिवशी आमच्या दारात. "भाऊ, माझी पोरगी खरंच बेसूर आहे का? असेल तर सांगून टाका, ती नाही येणार."

आम्हाला सुरातले फारसे कळत नाही, खरे तेच सांगतो. पण हिशेबात फरक आला की कोणाच्या तोंडाकडे न पाहता कागद काढायचा, एवढे आम्ही वीस वर्षांच्या नोकरीत शिकलो. गाण्याचा कागद म्हणजे रेकॉर्डिंग. आता घरोघर मोबाइल आहे, त्यात आवाज भरून घेण्याची सोय असतेच. आम्ही म्हटले, चार दिवस गाणे भरून घेऊ, मग बोलू.

पहिल्या दिवशी आम्ही मोबाइल चटईवर ठेवला, ढोलकीच्या शेजारी. घरी येऊन ऐकले तर नुसता धबधब. ढोलकीची थाप जमिनीतून मोबाइलमध्ये शिरली होती आणि पोरीचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. वर पंख्याची घरघर. मध्येच कोणाचा तरी फोन आला आणि भरणे तिथेच थांबले. दुसऱ्या दिवशी अक्कल वापरली. मोबाइल खुर्चीवर, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवला, गाणारीपासून चार-पाच फुटांवर. पेटी आणि ढोलकी तिच्याही मागे सरकवली. पंखा बंद. फोन येऊ नये म्हणून विमानाचे चिन्ह असते ते बटण दाबले. अख्खे गाणे घेतले नाही, फक्त ध्रुपद आणि एक अंतरा, म्हणजे दोनेक मिनिटे. लांब रेकॉर्डिंग कोणी पुन्हा पुन्हा ऐकत नाही, हा आमचा अनुभव.

ऐकताना पहिली अडचण आली ती मुलीचीच. स्वतःचा आवाज ऐकून ती तोंड झाकून हसू लागली आणि मग म्हणाली, "हा माझा आवाज नाहीच." हे सगळ्यांचेच होते. आपण बोलतो-गातो तेव्हा आपला आवाज कानात बाहेरून हवेतून येतो, तसाच डोक्याच्या हाडांतूनही येतो. हाडांतून येणारा भाग आवाजाला जाड आणि भरीव करतो. मोबाइल फक्त हवेतला आवाज घेतो, म्हणून तो आपल्याला पातळ आणि परका वाटतो. इतरांना मात्र आपण नेहमी तसेच ऐकू येत असतो. या परकेपणाचा सुराशी काही संबंध नाही. दोन-तीन दिवसांत कान सरावतो, तोवर निकाल द्यायची घाई करू नये.

दुसरी गोष्ट, गाऊन उठल्यावर लगेच ऐकले तर चुका सापडत नाहीत. आपल्याला जे गायचे होते तेच कानात घुमत असते. आम्ही रात्री भरून घ्यायचो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, डबा भरायच्या आधी, ऐकायचो. गाण्याचे शब्द वहीत एका ओळीआड लिहिले. एका फेरीत फक्त सूर ऐकायचा, तालाकडे कान द्यायचा नाही. सूर खाली वाटला त्या शब्दाखाली खालचा बाण, वर वाटला तर वरचा बाण. दुसऱ्या फेरीत फक्त ताल. दोन्ही एकदम ऐकायला गेले की काहीच हाती लागत नाही, जसे एकाच बैठकीत जमेची आणि खर्चाची बाजू तपासू नये.

तीन दिवसांच्या वहीत एक गोष्ट दिसली. बाण सगळीकडे विखुरलेले नव्हते. एकाच जागी होते, ओळ थांबते त्या शब्दावर, आणि प्रत्येक वेळी वरचाच बाण. बाकी गाणे जवळपास स्वच्छ. सूर न कळणाऱ्याच्या चुका अशा शिस्तीत येत नाहीत, त्या कधी इथे तर कधी तिथे होतात. एकाच अक्षरावर रोज तीच चूक म्हटल्यावर आम्हाला संशय आला. खातेवहीत रोज तेवढ्याच रुपयांचा फरक निघाला तर आम्ही कारकुनाला दोष देण्याआधी मागची बेरीज पाहतो.

त्या शब्दावर कान देऊन ऐकले तर आणखी एक गोष्ट कळली. पोरगी सूर लांबवते, पेटीही तोच सूर धरते आणि दोघांच्या मध्ये "वंव-वंव-वंव" अशी थरथर ऐकू येते. दोन आवाज अगदी जवळ-जवळ असले, पण एक नसले, की ही थरथर होते. जितके ते जवळ येतील तितकी ती संथ होते आणि जुळले की थांबते. म्हणजे दोघांत फरक होता हे नक्की. पण खोटे कोण, हे थरथर सांगत नाही. आपण मात्र धरूनच चाललो होतो की पेटी कधी चुकत नाही, माणूसच चुकतो.

मग मास्तरांना विनंती केली की आज पट्टी बदलून घ्या. आमचे गाणे काळी चारच्या पट्टीत चालते. काळी चार षड्ज धरली की शुद्ध गंधार येतो तो वरच्या पांढरी एकवर, आणि ध्रुपदाची ओळ त्या गंधारावरच थांबते. आम्ही काळी दोन घ्यायला सांगितली. आता गंधार पांढरी पाचवर गेला. पोरीला ही पट्टी खाली पडते, आवाजात नेहमीची धार नव्हती. पण सकाळी ऐकले तर ध्रुपदाच्या शेवटी थरथर गायब! गंधार साफ लागला होता. आणि मजा पाहा, अंतऱ्यात जिथे आजवर कधीच खटकले नव्हते तिथे, धैवतावर, नवीन थरथर. काळी दोनच्या पट्टीत धैवत कुठे येतो? पांढरी एकवर.

म्हणजे चूक पोरीच्या गंधाराला चिकटलेली नव्हती, पेटीच्या त्या एका पट्टीला चिकटलेली होती. गाणे हलवले की चूकही हलली.

तरी शेवटची खात्री हवी होती. पेटी बाजूला ठेवून मुलीच्या आईच्या मोबाइलवर तानपुऱ्याचा आवाज लावला, काळी चारचा. तो हळू ठेवला, कारण साथीचा आवाज मोठा असला की तो गाणाऱ्याच्या चुका झाकतो. पहिल्या वेळी पोरगी गंधारावर येऊन अडखळली, सूर धरला आणि मुद्दाम खाली ओढला. वर्षभराची बोलणी खाऊन सवय लागली होती ना! आम्ही म्हटले, डोळे मिट आणि तुला बरोबर वाटेल तिथे थांब. दुसऱ्या वेळी सूर असा बसला की तानपुऱ्यात मिसळून गेला. ते ऐकायला सुरातले काही कळावे लागत नाही.

पेटीचीही परीक्षा घेतली. वाचकांपैकी ज्यांच्या विहारात जुनी पेटी असेल त्यांनी ही जरूर घ्यावी, पाच मिनिटांचे काम आहे. एक पट्टी आणि तिच्याच नावाची खालच्या किंवा वरच्या सप्तकातली पट्टी अशा दोन्ही एकदम दाबायच्या, भाता सारखा चालवायचा. पेटी ठीक असेल तर दोन्ही आवाज एकजीव होतात. एक जरी हटलेला असेल तर थरथर येते. सगळ्या पट्ट्यांच्या जोड्या दाबून पाहिल्या, त्यात ही वरची पांढरी एकच तेवढी थरथरली. मोबाइलवर सूर मोजणारे ॲप येते, त्यात सुराचे नाव इंग्रजी अक्षरात दिसते आणि वर सुई असते. पांढरी एकला C अक्षर दिसते. आमच्या पेटीची सुई मधल्या रेघेच्या डावीकडे गेली, म्हणजे सूर खाली. किती? जवळच्या दोन पट्ट्यांत जेवढे अंतर असते त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतका. मास्तरांना जुन्या सवयीने ते जाणवत नव्हते आणि त्यांच्या तुलनेत पोरगी चढलेली वाटत होती.

एक सावधगिरी मात्र सांगतो. पेटीचे सगळे सूर सारख्या अंतरावर बसवलेले असतात, त्यामुळे तिचा शुद्ध गंधार तानपुऱ्यावरच्या नैसर्गिक गंधारापेक्षा मुळातच थोडा वर असतो. चांगल्या पेटीतही हे असते, त्याला दोष म्हणत नाहीत. आमच्या पेटीत उलटे होते, सूर खाली होता, आणि तोही एकाच सप्तकात. म्हणून तो बिघाडच.

पेटी उघडल्यावर कारण दिसले. प्रत्येक सुरासाठी आत पितळेची एक पातळ जीभ असते, भात्याची हवा लागून ती कंप पावते. आमच्या भागातल्या पावसाळ्याची ओल, विहाराचे पत्र्याचे छप्पर आणि मागच्या साली आत गेलेली धूळ, यांनी त्या जिभेच्या टोकावर मळ धरला होता. टोक जड झाले की जीभ संथ हलते आणि सूर उतरतो. जाणत्या कारागिराने ती साफ केली, थोडी घासून मिळवली. हे घरी करू नये. जीभ टोकाशी घासली तर सूर चढतो, बुडाशी घासली तर उतरतो, आणि जास्त घासली तर ती कामातून जाते.

मास्तर भले माणूस. सगळ्यांसमोर पोरीला म्हणाले, "पेटीच्या पायी मी तुले बोललो, बेटा." आणि तो विषय संपला. पण इतके झाल्यावर आमचेच पितळ उघडे पडले, तेही सांगितले पाहिजे.

रेकॉर्डिंगची दुसरी, तालाची फेरी ऐकताना गाणे शेवटाकडे धावते असे वाटले. वाटण्यावर जायचे नाही म्हणून मोजले. मोबाइल वाजवताना पडद्यावर सेकंद दिसतातच, वेगळे घड्याळ लागत नाही. आमचे गाणे केरव्यात आहे, आठ मात्रांचे आवर्तन, आणि ध्रुपद एकदा पुरे व्हायला आठ आवर्तने, म्हणजे 64 मात्रा. सुरुवातीच्या ध्रुपदाला 32 सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला 120 मात्रा. दुसऱ्या अंतऱ्यानंतरच्या ध्रुपदाला 27 सेकंद. म्हणजे मिनिटाला 142 मात्रा! तेच शब्द पाच सेकंद आधी संपत होते, म्हणून बायांना श्वास पुरत नव्हता आणि शब्द गिळले जात होते.

लय वाढणे ही नेहमी चूकच असते असे नाही. कव्वालीत लय मुद्दाम चढवतात, आणि चढवली की सगळे मिळून एका जागी चढवतात, ऐकणाऱ्याला ते कळते. आपोआप घसरलेली लय तशी नसते. आमची कुठे घसरते ते शोधायला आम्ही रेकॉर्डिंगवर टाळी धरून एक ते आठ मोजत गेलो. अंतऱ्यात 120 च्या आसपास ठीक. अंतऱ्याचा शेवटचा शब्द संपला की चार मात्रा रिकाम्या आहेत आणि मग ध्रुपद पहिल्या मात्रेवर उचलायचे. आमच्या टाळीत ध्रुपद आठव्या मात्रेवरच येत होते. शांतता सहन होत नाही हो माणसाला! रिकामी जागा आली की कोणीतरी एक मात्रा आधी उडी मारतो, ढोलकीवाले मामा समजूतदार म्हणून ते थाप आवरून सांभाळून घेतात, आणि त्या सांभाळण्यात लय वर जाते. म्हणून ढोलकीशी जुळले म्हणजे ताल बरोबर, असे धरू नये. चांगला ढोलकीवाला गाणाऱ्याच्या मागे जातो.

उडी मारणारा कोण? मोबाइल मध्ये ठेवला तर कोरसमध्ये कोण चुकले ते कळत नाही, सगळे आवाज एक होतात. म्हणून तो रोज एकेकीच्या जवळ ठेवला. कोणत्याच बाईचे नाव निघेना. शेवटच्या दिवशी आमच्या जवळ ठेवला. घरी बायकोने ऐकले आणि म्हणाली, "अहो, ही खंजिरी तुमचीच ना? हीच पळून रायली." अंतरा संपला की उत्साहाने पहिली थाप आम्हीच मारत होतो आणि बिचाऱ्या बाया आमच्या मागे धावत होत्या.

उपाय मामांनी काढला. त्या चार मात्रांत ते ढोलकीवर ठरावीक तुकडा वाजवतात आणि तो संपल्याशिवाय कोणी तोंड उघडायचे नाही. खंजिरीला त्या जागी बंदी. शिवाय दोन दिवस एका मोबाइलवर मिनिटाला 120 ची टिकटिक लावून दुसऱ्यावर गाणे भरून घेतले. टिकटिक आणि टाळी वेगळी ऐकू आली की घसरलो हे तिथल्या तिथे कळते. आठवड्याने पुन्हा मोजले तेव्हा तिन्ही ध्रुपदांचे 32, 31 आणि 31 सेकंद आले.

आणखी एक दोष नेहमी आढळतो, तो थोडक्यात लिहितो. पेटीशिवाय गाताना गाणे हळूहळू खाली उतरते. गाण्याचा पहिला आणि शेवटचा षड्ज रेकॉर्डिंगवरून पेटीवर शोधून पाहा. काळी चारने सुरू केलेले गाणे पांढरी पाचवर संपले असेल तर अर्धा सूर उतरलात. कुठे उतरलात ते प्रत्येक अंतऱ्याच्या शेवटी तपासले की सापडते. दर ओळीच्या टोकाला उतरत असेल तर श्वास अपुरा पडतो, ओळीत आधी थांबायची जागा ठरवावी. वरच्या षड्जाला जाऊन आल्यावरच उतरत असेल तर पट्टीच उंच आहे. ही उंच पट्टी बहुधा कॅसेटवरून आलेली असते. आपल्या पिढीने गाणी कागदावरून नाही, कॅसेटवरून शिकली. प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या उंच गळ्याची कॅसेट ऐकून आपणही तीच पट्टी धरतो आणि अंतऱ्यात घसा ताणतो.

शिवाय त्या कॅसेटची पट्टी तरी खरी होती का? टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की फीत हळू फिरायची, आणि लय व सूर दोन्ही खाली यायचे. उतरलेल्या सेलवर भरलेले गाणे नव्या सेलवर लावले की गाणारा चढ्या पट्टीत धावतो आहे असे वाटायचे. आमच्या तरुणपणी अशा फितीवरून एक गाणे आम्ही महिनाभर उंच पट्टीत घोकले आणि घसा बसवून घेतला. मोबाइलमध्ये तो धोका नाही. त्याचा दोष निराळा, मोठा आवाज तो आपोआप दाबतो आणि लहान उचलतो. म्हणून आवाजातला चढ-उतार, कुठे जोर दिला, कुठे हळू गायले, याचा न्याय रेकॉर्डिंगवरून करू नये. त्याला समोर बसलेला माणूसच लागतो.

16 ऑक्टोबरच्या आधीच्या कार्यक्रमात पोरीनेच ध्रुपद उचलले. गंधार अजून कधी-कधी खाली ओढते, वर्षाची सवय चार आठवड्यांत जात नाही. तिच्या आईने वहीत नवीन पान घातले आहे. रोज तानपुऱ्यावर ती एकच ओळ पाच वेळा भरायची, सकाळी ऐकायची आणि पाचपैकी किती वेळा बाण आला तो आकडा लिहायचा. पहिल्या सोमवारी तीन होता, मागच्या सोमवारी एक.